46 किलो म्हणजे 46 किलो नव्हे

फिरतोय तो मेसेज: ‘अमेरिकेच्या तिकिटावर 46 किलो, दुबईच्या तिकिटावर 30. एकूण वजन सांभाळा, बॅगा कशाही भरा. ज्या एअरलाइनचे किलो जास्त, तीच घ्या.’

हा 46 चा आकडा तिकिटावर लिहिलेलाच नसतो. तिथे असतं 2PC, म्हणजे दोन नग. इकॉनॉमीत सहसा प्रत्येक नगाला 23 किलोची मर्यादा. 23 दुणे 46 हा हिशोब आपण घरी केलेला.

लातूरहून लेकीकडे न्यू जर्सीला निघालेल्या काकूंचं घ्या. एका बॅगेत ज्वारीचं पीठ, येसर, डाळी मिळून 28 किलो. दुसरीत कपडे आणि गोधडी, 16 किलो. एकूण 44, तरीही काउंटरवर पहिली बॅग अडते, कारण ती 5 किलोनं जास्त आहे. दुसरीतली 7 किलोची मोकळी जागा तिच्या मदतीला येत नाही. एक तर जादा वजनाचे पैसे भरा, नाही तर तिथेच फरशीवर बॅगा उघडून 6 किलो पीठ इकडून तिकडे हलवा. मग 22 आणि 22. हेच घरच्या काट्यावर पाच मिनिटांत झालं असतं.

‘कशाही भरा’ हे थोडंफार खरं आहे ते वजनाच्या पद्धतीत, म्हणजे जिथे नग न मोजता एकूण वजन मोजतात तिथे. तिकिटावर 30K, म्हणजे एकूण 30 किलो असेल, तर एका बॅगेत 18 आणि दुसरीत 12 चालतं. मात्र एकच बॅग 32 च्या वर सहसा घेत नाहीत, उचलणाऱ्या माणसाच्या पाठीसाठी.

दुबईला 30 आणि अमेरिकेला 46 यावरून एअरलाइन उदार की कंजूष हे ठरत नाही. एमिरेट्सचंच बघा: भारत-दुबईला वजन मोजतात, त्याच कंपनीनं दुबईमार्गे अमेरिकेला गेलात तर नग. अमेरिका म्हटली की दोन बॅगा, हेही गृहीत धरू नका. स्वस्त भाड्यात एकच नग किंवा एकही नाही, असंही असतं.

त्यामुळे निवड सामानावर करा. पीठ-डाळींसारखा जड माल असेल तर दोन नग फायद्याचे. गोधड्या, खेळणी अशा फुगीर पण हलक्या मालाला नग महाग पडतो: 8 किलोची तिसरी बॅगही जादा नगच, आणि तिचं शुल्क 23 किलोच्या बॅगेइतकंच. शिवाय लांबी, रुंदी, उंचीची बेरीज साधारण 158 सेंटिमीटरच्या आत हवी.

आपल्याकडचा खरा फटका वेगळाच. संभाजीनगर-मुंबई तिकीट स्वतंत्र काढलं, तर त्या टप्प्याला देशांतर्गत नियम, बहुधा 15 किलो. 44 किलोतले 29 किलो जादा, आणि पैसे किलोमागे! तोच टप्पा अमेरिकेच्या तिकिटात जोडून घेतला, तर साधारणपणे दोन नगांची सवलत संभाजीनगरपासूनच लागू होते. नाही तर रात्रीची ट्रॅव्हल्स आहेच, तिथे काटा कोण लावतो?