अंदाज भरताना घ्यायची काळजी (आणि न घ्यायची)

लेखा टेबल मिळाल्याबद्दल अभिनंदन. तुमच्या आधी त्या टेबलावर होते त्या भाऊसाहेबांनी चार्ज देताना कपाटाची किल्ली दिली, पासवर्डची चिठ्ठी दिली आणि ‘काय नाही ओ, सोप्पं आहे सगळं’ म्हणून ते गेले. ते इतक्या घाईने का गेले, हे आता वित्त विभागाचं परिपत्रक आलं की कळेल. पुढच्या वर्षाचे अर्थसंकल्पीय अंदाज आणि चालू वर्षाचे आठमाही सुधारित अंदाज, सोबतच्या विवरणपत्रात, विहित मुदतीत. वर ‘अत्यंत तातडीचे’ असा शिक्का. घाबरू नका. पुढे सांगतो तसं करा, म्हणजे सगळं नेहमीसारखं होईल.

पहिली गोष्ट मुदतीची. परिपत्रक मंत्रालयातून निघतं तेव्हा त्यात भरपूर दिवस असतात. मग ते तुमच्या प्रशासकीय विभागात येतं, तिथून पुण्याच्या आयुक्तालयात, तिथून विभागीय कार्यालयात आणि शेवटी कोल्हापुरात. वाटेतला प्रत्येक टेबल ‘संकलनाला वेळ लागतो’ म्हणून स्वतःसाठी चार दिवस काढून ठेवतो आणि खालच्याला चार दिवस अलीकडची तारीख देतो. त्यामुळे कसबा बावड्याच्या रस्त्यावरच्या तुमच्या ऑफिसात ते शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर उगवतं आणि मुदत गुरुवारची असते. म्हणजे कालची. तालुक्याच्या ऑफिसांकडून माहिती मागवायला वेळ नाही, म्हणून मागवायचीच नाही. गेल्या वर्षीची एक्सेल उघडा, वर्ष बदला, आकडे दहा टक्के वाढवा. सही करणारे साहेब बेरीज तपासतात, बाकी काही नाही. तेव्हा बेरीज तेवढी बरोबर हवी.

रकाने रुपये हजारात भरायचे असतात, हे विवरणपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचू नका. सहा लाखांसाठी ६०० ऐवजी ६,००,००० लिहिलंत की तुमच्या ऑफिसची स्टेशनरी साठ कोटींची होते आणि पुण्यातून दुसऱ्याच मिनिटाला फोन येतो. एरवी तो फोन येत नाही. ओळख वाढवायला याहून चांगला मार्ग नाही.

आता मुख्य विषय, आठमाही. याची पद्धत अशी, की एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांचा प्रत्यक्ष खर्च घ्यायचा, त्यात गेल्या वर्षीच्या डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांचा खर्च मिळवायचा आणि ती बेरीज म्हणजे चालू वर्षाचा सुधारित अंदाज. पद्धत वाईट नाही. दुकानदारही असाच हिशेब करतो. फरक एवढाच, की दुकानदाराला गल्ल्यातले पैसे काढायला बीडीएस या सरकारी निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर निधी वितरित होण्याची वाट बघावी लागत नाही.

उदाहरण घेऊ. समजा तुमच्या ऑफिसला १३ कार्यालयीन खर्च या शीर्षाखाली वर्षाला ६ लाख मंजूर आहेत. मंजूर म्हणजे अर्थसंकल्पाच्या पुस्तकात छापलेले. प्रणालीवर मात्र नोव्हेंबरअखेर ३५ टक्केच उतरले, म्हणजे २ लाख १० हजार. तुम्ही ते खर्च केलेत. टोनर, झेरॉक्सचे कागद, सफाई, खुर्च्यांची दुरुस्ती. आणखी १ लाख २० हजारांची बिलं ड्रॉवरमध्ये आहेत. त्यातला एक पुरवठादार लक्ष्मीपुरीतला आहे, आणि तो आता ‘नमस्कार’ म्हणत नाही, थेट ‘किती तारखेला?’ असं विचारतो. आता विवरणपत्र भरा. आठ महिन्यांचा प्रत्यक्ष खर्च २ लाख १० हजार. गेल्या वर्षीचे शेवटचे चार महिने २ लाख ६० हजार. बेरीज ४ लाख ७० हजार. मंजूर सहामधून हे वजा केलं की १ लाख ३० हजार ‘बचत’ निघते. ड्रॉवरमध्ये सव्वा लाखाच्या आसपास उधारी आणि कागदावर त्याहून जास्त बचत! असा संसार घरी केला तर बायको माहेरी जाईल. इथे शाबासकी मिळते.

ड्रॉवरमधली बिलं कुठल्या रकान्यात घालायची, असा प्रश्न तुम्हाला पडेल. खर्चाच्या रकान्यात कोषागारातून पास झालेली रक्कम येते. बिल आलंय पण पैसे गेले नाहीत, याला तिथे जागा नाही. शेवटच्या ‘कारणे’ या रकान्यात तुम्ही सरळ लिहू शकता, की निधी उशिरा मिळाल्यामुळे एवढी देयके प्रलंबित आहेत, सोबत यादी जोडली आहे. असं लिहिणारे लोक आहेत, आणि कधीकधी त्यांना पैसेही मिळतात. पण मग यादी करावी लागते, बिलांच्या तारखा शोधाव्या लागतात आणि एखादं बिल दोन वर्षांपूर्वीचं निघतं. त्यापेक्षा ‘वाढीव कामकाजामुळे’ लिहा. हा शब्द कुठल्याही शीर्षाला चालतो. टेलिफोनलाही चालतो आणि रंगरंगोटीलाही.

मग हे पुढच्या वर्षावर कसं चढतं ते बघा. समजा परिपत्रकात म्हटलंय, की पुढच्या वर्षाची मागणी सुधारित अंदाजाच्या पाच टक्क्यांहून जास्त वाढवू नये. ४ लाख ७० हजारांवर पाच टक्के म्हणजे ४ लाख ९३ हजार ५००, हजारात ४९४. तुमच्या ऑफिसची खरी गरज काय? आठ महिन्यांची झालेली आणि राहिलेली बिलं मिळून ३ लाख ३० हजार, पुढच्या चार महिन्यांना २ लाख ४० हजार धरा, म्हणजे ५ लाख ७० हजार. सुधारित अंदाजात मिळाले ४ लाख ७० हजार, तर एक लाखाची उधारी एप्रिलमध्ये जाणार. ती नव्या वर्षाच्या ४ लाख ९४ हजारांतून फेडली की हातात उरतात ३ लाख ९४ हजार, आणि गरज तीच पावणेसहा लाखांची. पुढच्या नोव्हेंबरला तुमचा खर्च आणखी कमी दिसेल. चार-पाच वर्षं हे असंच चाललं तर एक दिवस तुमच्या ऑफिसला कागदच लागत नाही असं सिद्ध होईल.

यावर अनुभवी मंडळींचा जुना उपाय म्हणजे फुगवून मागणे. पावणेसहा हवेत तर आठ मागा, वरून पाव कापतील, सहा मिळतील. उपाय अचूक आहे, आणि वरच्यांनाही तो माहीत आहे, म्हणून ते पाव कापतातच. फुगवलंय की नाही हे बघून कापत नाहीत, सरसकट कापतात. शेजारच्या ऑफिसातल्या नवख्या ताईंनी प्रामाणिकपणे ५ लाख ७० हजार मागितले, त्यांना मिळाले ४ लाख २७ हजार. पुढच्या वर्षी त्याही आठ मागतील. या फुगवाफुगवीला कंटाळूनच वित्त विभाग कमाल मर्यादा घालतो, आणि त्याला दोष देता येत नाही. पण मर्यादा घातली की जिल्ह्यातलं प्रत्येक ऑफिस रुपया न चुकता मर्यादेएवढीच मागणी करतं. ज्याला चार लाख पुरले असते तोही. न मागितलेला पैसा पुढच्या वर्षी पायाच खाली नेतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

कोल्हापूरकरांसाठी एक खास सूचना २४ पेट्रोल, तेल व वंगण या शीर्षाबद्दल. ज्या वर्षी पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीखालीच राहते, त्या वर्षी जीप फारशी फिरत नाही, डिझेल वाचतं आणि सुधारित अंदाज आपोआप खाली येतो. त्या खालच्या आकड्यावर पाच टक्के मिळालेल्या वर्षी नेमकी नदी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते. मग शिरोळकडे रात्री-अपरात्री फेऱ्या, आणि पंपावर उधारी. २०१९ आणि २०२१ बघितलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणून शहाणा माणूस कारणांच्या रकान्यात लिहितो, की पूरस्थितीच्या वर्षांतला खर्च इतका होता, एका कोरड्या वर्षावरून अंदाज धरू नये. तुम्ही लिहू नका. पुण्यात बसलेल्याला फूट आणि लिटर यांचा संबंध लावायला लागेल, उगाच त्रास.

वेतनाचं सोपं आहे. मंजूर पदं २४, भरलेली १५. परिपत्रक म्हणतं, भरलेल्या पदांचाच विचार करा. त्यावर जुलैची वेतनवाढ आणि महागाई भत्त्याची अपेक्षित वाढ धरा. ही माहिती पगाराच्या सेवार्थ प्रणालीतून अर्ध्या तासात निघते, आणि म्हणूनच इथे सगळ्यात कमी चुका होतात. फक्त एक करा, ज्या दोघांची भरती जाहीर झालीय आणि जे जूनमध्ये हजर होणार आहेत, त्यांचा उल्लेख टाळा. ते हजर झाले की पुरवणी मागणी आहेच. ती अधिवेशनात मंजूर होईपर्यंत पगार कुठून द्यायचा, हे तेव्हाचं तेव्हा बघू. मुलं तरुण आहेत, थांबतील.

शेवटी मार्च. निधी या महिन्यात उतरतो, कधीकधी अगदी शेवटच्या आठवड्यात. ड्रॉवरमधली बिलं घेऊन कोषागारात रांग लावा, आणि तरीही काही रक्कम शिल्लक राहिली तर ती समर्पित करा, म्हणजे सरकारला परत द्या. नियम सांगतो, की बचत दिसू लागताच समर्पित करावी, म्हणजे ज्याला कमी पडतंय त्याला वेळेत देता येते. तुम्ही ती ३१ मार्चला संध्याकाळी समर्पित करा. डिसेंबरात केलीत तर कुणीतरी वापरेल, आणि नंतर तुमचीच अचानक गरज निघाली तर साहेब तुम्हालाच बोलतील. ३१ तारखेला केलीत तर कुणाच्याच उपयोगाची नाही, म्हणजे कुणाची तक्रारही नाही. महालेखापालांचे अहवाल शेवटच्या दिवशीच्या या समर्पणांबद्दल वर्षानुवर्षं लिहीत आलेत, पण परिच्छेद छापून खुलासा मागवेपर्यंत तुमची बदली गडहिंग्लजला झालेली असेल. खुलासा नवा माणूस लिहील. त्याच्यासाठी ‘वाढीव कामकाजामुळे’ची फाईल डाव्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवून जा.