पॅनिक अटॅकमध्ये तोंडाला कागदी पिशवी लावू नका

«घाबरून धाप लागली की कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावा, दोन मिनिटांत बरं वाटतं.»

हा सल्ला जुना आहे आणि धोक्याचा आहे. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे ओठांना, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते. पिशवीने तो परत वाढेल, असा विचार होता. पण पिशवीतला ऑक्सिजनही झपाट्याने कमी होतो. 1989 मध्ये अमेरिकेतील डॉक्टर मायकेल कॅलहॅम यांनी हा धोका मांडला, तेव्हा पिशवी लावल्यानंतर दगावलेल्या तीन रुग्णांची नोंदही दिली. धाप हार्ट अटॅकची किंवा दम्याची असली, तर पिशवी जीवावर बेतते. आणि घरी बसून तो फरक कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.

मग करायचं काय? समजा, बहिणीला असा झटका आला. तिला टेकून बसवा, शेजारी बसा. «खोल श्वास घे» म्हणू नका, त्याने धाप वाढते. उलट श्वास हळू सोडायला सांगा: नाकाने चार आकडे मोजत साधा श्वास आत, सहा मोजत बाहेर. तिच्याबरोबर तुम्हीही करा. जोर बहुधा दहा मिनिटांत ओसरू लागतो.

मात्र झटका पहिलाच असेल, छातीत दाब असेल, वेदना हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा दमा, हृदयविकार, मधुमेह असेल, तर वाट न पाहता 108 ला फोन करा.