चार ओळींची चकली

"मामा, फक्त चार ओळी हव्यात," भाची म्हणाली. तिनं आजीच्या चकल्यांचं रील केलं होतं. आजीचे हात, सोऱ्या, तेलात गरगर फिरणारी चकली आणि मागे सनई. खाली कॅप्शन हवं होतं. पहिल्यांदाच फराळ करणाऱ्यांना उपयोगी पडेल असं, प्रमाणासकट. मी कचेरीत परिपत्रकं लिहितो, म्हणून घरात मला लेखक समजतात. चार ओळी म्हणजे काय मोठं, असं वाटून मी हो म्हटलं आणि आईकडे प्रमाण विचारायला गेलो.

"तांदूळ किती घेतेस?"

"लागतील तेवढे."

"म्हणजे किती?"

"अरे, डाळीच्या दुप्पट."

"आणि डाळ?"

"तांदळाच्या निम्मी."

गणित चुकीचं नव्हतं, फक्त त्यातून काहीच निघत नव्हतं. शेवटी मी वाटी घेऊन तिच्या शेजारी बसलो. ती मुठीनं टाकायची, मी ते वाटीत मोजायचो. हातात आलेली पहिली वाटी श्रीखंडाची निघाली, म्हणून सगळं परत डब्यात ओतून आमटीच्या वाटीनं पुन्हा मोजावं लागलं. आईच्या मते वाटी कुठलीही चालते, पण सुरू केली ती शेवटपर्यंत बदलायची नाही. तिच्या पाककृतीत मला मिळालेलं हे पहिलं ठाम विधान.

तासाभरानं भाजणी कागदावर उतरली. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, पाव वाटी धणे आणि मोठा चमचाभर जिरे. तांदूळ धुऊन सावलीत कापडावर पूर्ण वाळवायचे. मग प्रत्येक धान्य वेगवेगळं, मंद आचेवर भाजायचं. डाळीचा खमंग वास आला की थांबायचं, लाल होण्याची वाट बघायची नाही, कारण करपलेल्या डाळीची कडू चव कितीही तिखट घातलं तरी लपत नाही. गार झालं की दळून आणायचं. गिरणीवाल्याला "चकलीची भाजणी आहे" एवढं सांगायचं, म्हणजे तो आधी कुणाच्या मिरच्या दळल्या असतील तर थांबायला सांगतो.

उकडीचं प्रमाण मी चार वाट्या पिठाचं घेतलं. पाणी पिठाइतकंच, पण शेवटची वाटी बोटभर कमी. पाण्यात दोन चमचे तिखट, दोन चमचे मीठ, चमचाभर ओवा, दोन मोठे चमचे तीळ, हळद, हिंग आणि मोहनाचं तेल. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करून पीठ घालायचं, उलथन्याच्या दांड्यानं ढवळायचं आणि झाकण ठेवून विसरून जायचं. निदान वीस मिनिटं तरी. आई या वीस मिनिटांत शेजारी जाऊन येते, त्यामुळे तिची वीस मिनिटं साधारण पाऊण तासाची असतात आणि उकड जास्त चांगली मुरते.

हे सगळं मी कॅप्शनमध्ये घातलं. भाचीनं सांगितलं होतं की तिथे २२०० अक्षरांच्या वर मजकूर घेतच नाहीत, म्हणून जागा वाचवायला मी अपूर्णांक आकड्यात लिहिले. तेल "१/२ वाटी". रील गेलं. रात्री मी लेखकाच्या थाटात झोपलो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पुतण्याचा फोन. तो इंजिनीअर आहे, मित्राबरोबर फ्लॅटवर राहतो आणि यंदा फराळ घरीच करायचा असं त्या दोघांनी ठरवलं होतं.

"काका, चकली गायब होते."

"कोण खातंय?"

"कोणी नाही. तेलात टाकली की गायब होते."

त्यानं फोन कढईवर धरला. चकली तेलात गेली, दोन सेकंद चकलीसारखी दिसली, मग तिच्या कडा पसरल्या, वर फेस आला आणि वेढे सुटून तिचा रवा झाला. तळाशी आधीच्या चार चकल्यांचा गाळ बसला होता. मी फोन आईकडे दिला. तिनं एक नजर टाकली आणि म्हणाली, "मोहन किती घातलंस रे बाळा?"

"दीड वाटी."

आईनं फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. लहानपणी काच फुटली की ती अशीच पाहायची.

खुलासा असा झाला. पुतण्यानं "१/२" हे एक ते दोन असं वाचलं. इंजिनीअर असल्यामुळे त्याला ती रेंज वाटली आणि सुरक्षित राहावं म्हणून त्यानं मधला आकडा धरला. अर्ध्याच्या जागी दीड, बरोब्बर तिप्पट. मोहन पिठाच्या कणाभोवती बसतं, त्यामुळे कण एकमेकांना घट्ट धरत नाहीत आणि चकली खुसखुशीत होते. मोहन कमी पडलं तर चकली दगड होते. जास्त झालं तर कण एकमेकांना धरतच नाहीत आणि चकली तेलात विरघळते. पुतण्याच्या चकलीत कुणी कुणाला धरलं नव्हतं.

अर्ध्या तासात तो पातेलं स्कूटरच्या पायाशी ठेवून हजर झाला. पीठ चकाकत होतं. मुठीत दाबलं की बोटांच्या फटींतून तेल यायचं. टाकून द्यायचं नाही हे आईनं आधीच ठरवलं होतं, प्रश्न फक्त हिशेबाचा होता. अर्ध्या वाटी तेलाला चार वाट्या पीठ, तर दीड वाटीला बारा. चार आधीच आत आहेत, म्हणजे आणखी आठ वाट्या भाजणी, आठ वाट्यांना थोडं कमी एवढं उकळतं पाणी, आणि तेल अजिबात नाही. हा हिशेब पुतण्यानं तोंडी केला, तेव्हा मला त्याच्या शिक्षणाबद्दल जरा बरं वाटलं.

आईनं स्वतःच्या डब्यातली भाजणी काढली. आठ वाट्यांची कोरी उकड काढून, वीस मिनिटं झाकून, जुन्या पिठात थोडी थोडी मिसळत मळायला घेतली. मळण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण अपूर्णांक माझा होता. बारा वाट्यांचं पीठ मळणं म्हणजे काय हे माझ्या खांद्यांना अजून आठवतं. आईनं एक चकली पाडली आणि ती सोऱ्यातून निघतानाच तुकडे व्हायला लागली. "कोरडं आहे. पाण्याचा हात लावून मळ." ही खूण फार उपयोगी आहे. सोऱ्यातून पडतानाच तार तुटली तर पाणी कमी, आणि तार न तुटता पडली पण चकलीवर काटे उठले नाहीत, गुळगुळीत आली, तर पाणी जास्त. आईनं सगळा गोळा एकदम मऊ करू दिला नाही. सोऱ्यात मावेल तेवढाच घ्यायचा, तेवढाच मळायचा, बाकीच्यावर ओलं फडकं.

मग एकच चकली तळली. नेहमी एकच आधी तळायची, हे मी कॅप्शनमध्ये लिहिलंच नव्हतं, आणि तेच पहिल्या ओळीत यायला हवं होतं. विरघळली तर कोरडी उकड मिसळता येते, कडक झाली तर चमचाभर गरम तेल मळता येतं. वीस चकल्या तळून झाल्यावर कळलं तर फक्त हळहळता येतं. आमची ती एकटी चकली तेलात शिरली, वर आली आणि अख्खी राहिली. पुतण्यानं टाळी वाजवली. आईनं तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि म्हणाली, "मीठ?"

नव्या आठ वाट्यांच्या उकडीत तेल घालायचं नाही हे सगळ्यांनी इतकं घोकलं होतं की मीठ आणि तिखटही कुणी घातलं नव्हतं. मळून झालेल्या बारा वाट्यांत चार चमचे मीठ आणि चार चमचे तिखट मिसळायचं म्हणजे काय, ते मी पुन्हा खांद्यांनीच अनुभवलं.

तळणं चालू असताना भाची येऊन टपकली. तिचं तोंड उतरलेलं होतं. रीलसाठी तळलेल्या चकल्या सकाळी डब्यातून काढल्या तर मऊ पडल्या होत्या. मला आश्चर्य वाटलं, कारण रीलमध्ये त्या लालबुंद आणि देखण्या दिसत होत्या. आईला वाटलं नाही. "तू मला गॅस मोठा करायला लावलास ना, उजेड जाईल म्हणून?" मोठ्या आचेवर चकली बाहेरून मिनिटा-दोन मिनिटांत लाल होते, पण आतलं पाणी आतच राहतं. गरम असताना कुरकुरीत लागते, आणि रात्रीत तेच पाणी बाहेर येऊन तिला मऊ करतं. म्हणजे ज्या चकलीला लोक फोनवर वा वा म्हणत होते ती चकली आमच्या घरात कुणी खायला तयार नव्हतं.

आई रंगाकडे फारसं बघत नाही, कान देते. तेल चांगलं तापवायचं, पिठाची बारीक गोळी टाकली की ती लगेच वर आली पाहिजे. चकल्या सोडल्या की आच मध्यम करायची आणि कढईत मावतील त्याहून एक कमीच सोडायची, नाहीतर तेल गार पडतं आणि चकल्या तेल पितात. सुरुवातीला कढई नुसती कलकलाट करते. तो बुडबुड्यांचा आवाज म्हणजे चकलीतलं पाणी बाहेर पडत असतं. हळूहळू बुडबुडे विरळ होतात. "तेल गप्प झालं की काढायची," आई म्हणाली. मग चाळणीत उभ्या ठेवायच्या आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही. रीलमध्ये हा सगळा आवाज सनईखाली दबला होता.

संध्याकाळी मी कॅप्शन नव्यानं लिहिलं. या वेळी एकही आकडा नाही, सगळं अक्षरी. चार वाट्या भाजणीला अर्धी वाटी तेल, आणि पुढे कंसात "एका वाटीच्या निम्मं". पाव वाटी धणे. एक चकली आधी तळा. तेल गप्प होऊ द्या. चार ओळींच्या चौदा झाल्या, पण चूक व्हायला जागा राहिली नाही, असं मी भाचीला छाती पुढे काढून सांगितलं. पुतण्या बारा वाट्यांतल्या निम्म्या चकल्या घेऊन फ्लॅटवर गेला.

रात्री साडेदहाला त्याचा पुन्हा फोन आला. दोघंही आता स्वतःची भाजणी करायची म्हणून साहित्य काढून बसले होते. त्याचा मित्र इंग्रजी माध्यमातला. मागून त्याचा आवाज येत होता.

"काका," पुतण्या म्हणाला, "हा विचारतोय, धण्यांबरोबर पाव भाजून घ्यायचा की तसाच कुस्करायचा?"