मेलमध्ये आरोग्याचे फायदे का लिहिले नाहीत

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मिळून चालायला जाण्यासाठी मॅनेजरची परवानगी मागणाऱ्या मेलचा नमुना मी दिला होता. त्यावर आलेली प्रतिक्रिया: "तुमचा मेलचा नमुना फारच कोरडा वाटला. व्यायामाचे फायदे, कामाचा वाढणारा उत्साह, यातलं काहीच नाही. मॅनेजरला पटणार कसं? आणि नुसतं चालणंच का, सगळ्यांनी मिळून व्यायाम का नाही?"

फायदे लिहिलेला मेल मी आधी पाठवून पाहिला होता, चांगला दीड पानांचा. "कल्पना छान आहे, बघू," एवढंच उत्तर आलं आणि विषय तिथेच थांबला. महिन्याभराने समोर बसून विचारलं, तेव्हा मॅनेजर म्हणाले, "चालणं चांगलं हे मला माहीत आहे. पण त्या वेळात फोन कोण घेणार, ते तू लिहिलंच नाहीस." त्यांना परवानगी द्यायची असते आणि पुढे कुणी विचारलं तर उत्तरही द्यायचं असतं. ते उत्तर मेलमध्ये तयार मिळायला हवं.

म्हणून दुसरा मेल असा लिहिला, तोच हा नमुना:

"सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही सहा जण चालायला जाऊ इच्छितो. सुट्टी १ ते १.४५. चालणं १.०५ ते १.२५, त्यानंतर जेवण, १.४५ला सगळे जागेवर. फोनसाठी दर वेळी दोघे पाळीने थांबतील, तक्ता सोबत जोडला आहे. येणं ऐच्छिक आहे, खर्च काही नाही. चार आठवडे करून पाहू. उशीर होऊ लागला तर थांबवू. परवानगी द्यावी."

याला दुसऱ्याच दिवशी होकार आला.

फायद्यांचे मोठे दावे टाळण्याचं आणखी एक कारण आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. आपली तीन दिवसांची बेरीज होते फार तर ६० मिनिटं, तीही भरभर चाललो तरच. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका वेग हवा. एवढ्यावर "आजारपणाच्या रजा कमी होतील" असं लिहिलं, तर चार आठवड्यांनी ते दाखवायचं कसं?

सामूहिक व्यायामाला माझा विरोध नाही, पण घामाने भिजल्यावर कपडे बदलायला जागा लागते, व्यायाम घेणारा माणूस लागतो आणि कुणाचा पाय मुरगळला तर जबाबदारीचा प्रश्न येतो. मग मॅनेजरच्या हातात निर्णय राहत नाही, तो मनुष्यबळ विभागाकडे जातो. चालायला रोजचेच कपडे चालतात, फक्त बूट बदलायचे. वीस मिनिटांत दीडेक किलोमीटर सहज होतं. मात्र दहा मिनिटं झाली की घड्याळ बघून मागे फिरायचं. पहिल्या आठवड्यात आम्ही हे विसरलो आणि दोघांचं जेवण राहिलं.

तुमच्या म्हणण्यातली एक गोष्ट मी नमुन्यात घेतो आहे. तो खरंच कोरडा आहे, म्हणून सुरुवातीला एक वाक्य वाढवतो: "सकाळपासून बसून पाठ आखडते, म्हणून हे सुचवतो आहे." आणि मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्या सहकाऱ्यांना जेवणाआधीचं चालणं सोसेलच असं नाही, साखर उतरू शकते. त्यांनी डॉक्टरांना विचारून वेळ ठरवावी, हेही त्यात घालतो.