साठ अक्षरांनंतरचा एंटर

«विक्रीचा ईमेल लिहिताना दर साठ अक्षरांनंतर एंटर दाबा. प्रत्येक वाक्य वेगळ्या परिच्छेदात ठेवा. संगणकावर नीट दिसला, की मोबाईलवरही नीटच दिसतो.»

या सल्ल्यातला साठ हा आकडा मुळात मोबाईलचा नाही. एका ओळीत ८० अक्षरे मावणाऱ्या जुन्या संगणकांच्या काळात मजकूर ठरावीक अंतरावर तोडण्याची रीत पडली. ईमेलच्या तांत्रिक नियमांत ७८ अक्षरांच्या ओळीची शिफारस आजही आहे, परंतु ती सांभाळण्याचे काम पाठवणारा प्रोग्राम स्वतः करतो. उभ्या धरलेल्या फोनवर, नेहमीच्या टाइपात, एका ओळीत जेमतेम चाळीसेक अक्षरे बसतात. त्यामुळे साठ अक्षरांची ओळ आधी पडद्याच्या कडेला वळते, उरलेले दोन-तीन शब्द खाली पडतात, आणि लगेच आपण दाबलेला एंटर येतो:

देवगड हापूसची पाच डझनांची पेटी या
आठवड्यापासून मिळू लागली
असून पुणे शहरात ती घरपोच मिळेल.

छोटी ओळ हवी असेल तर ती फोनलाच पाडू द्यावी; आपण एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर द्यावा.

वाक्यागणिक परिच्छेद हा सल्ला त्याहून घातक आहे, कारण त्याचा फटका व्यवहाराला बसतो. वरच्याच पत्रात पेटीची किंमत एका परिच्छेदात आणि «कुरिअरचा खर्च वेगळा» हे वाक्य रिकामी ओळ सोडून पुढच्या परिच्छेदात गेले, तर घाईत बोट फिरवणारा ग्राहक किंमत वाचून थांबतो आणि बिल आल्यावर भांडतो. अट आणि रक्कम एकाच परिच्छेदात असावी. आंब्याच्या पत्राला तीन परिच्छेद पुरतात: माल व किंमत अटींसह, पोहोचवण्याचे दिवस, आणि मागणी कशी नोंदवायची. प्रत्येकात दोन-तीन वाक्ये ठेवल्यास फोनवर चार ते सहा ओळी होतात आणि परिच्छेद एका नजरेत मावतो.

संगणकावरची रुंद खिडकी हा दोष झाकते, म्हणून पत्र आधी स्वतःला पाठवून फोनवर उघडावे आणि फोन आडवा करावा. आडव्या पडद्यावरही ओळी पूर्वीच्याच शब्दांवर तुटल्या, तर मजकुरात नको असलेले एंटर आहेत. बहुतेकदा ते पीडीएफमधून मजकूर उचलताना शिरतात, कारण तिथली प्रत्येक ओळ एंटरसह येऊ शकते. अशा वेळी वर्डमध्ये मजकूर चिकटवून «शोधा व बदला» या सोयीने आधी `^p^p` च्या जागी `###`, मग `^p` च्या जागी एक मोकळी जागा आणि शेवटी `###` च्या जागी पुन्हा `^p^p` घालावे. परिच्छेदांमध्ये मुळात रिकामी ओळ नसेल, तर मात्र सगळा मजकूर एकाच ढिगात येईल. तेव्हा आधी हाताने त्या ओळी सोडाव्या लागतात.

पत्ता, सही आणि दरांची यादी या युक्तीतून वगळावी, कारण तिथे प्रत्येक ओळीअखेरचा एंटर हवाच असतो.