पाझर तलावाची जागा: एका कमेंटला उत्तर

«आमच्या पाझर तलावाला तुम्ही सरळ 'जागा चुकली' लिहून मोकळे झालात. अहो फेब्रुवारीपर्यंत पाणी असतं त्यात, जनावरं पितात, गावानं वर्गणी काढून गाळ काढलाय. ऑफिसात बसून नकाशे बघणाऱ्यांना खटावचं रान काय कळणार?»

दादा, फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकतं हीच तर अडचण आहे. साठवण तलाव असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या, पण पाझर तलावानं पाणी धरायचं नसतं, खाली सोडायचं असतं. चांगल्या जागेवरचा पाझर तलाव दिवाळीनंतर भराभर उतरायला लागतो आणि लोक म्हणतात गळका आहे, काम बोगस झालं. खरं तर तो त्याचं काम करत असतो.

नकाशा बघितला, नाही कशाला म्हणू, पण ठरवलं ते विहिरी बघून. तुमच्या तलावाखालची जुनी विहीर आहे ना, मे महिन्यात तिच्या कडेला उभं राहून आत बघा. वरची आठ-नऊ फूट काळी चिकण माती आणि तिच्या खाली थेट काळा पाषाण, मधे मुरूम म्हणावा असा वीतभर पण नाही. काळी माती कोरडी असताना भेगाळते म्हणून पहिल्या पावसाचं पाणी गडप होताना दिसतं आणि आपल्याला वाटतं जमीन पाणी पिते, पण एकदा भिजून फुगली की भेगा मिटतात आणि तळ पॅक होतो. गाळ काढून काय झालं तर वरची काळी माती गेली, खालची काळी माती उघडी पडली. पाणी जास्त मावायला लागलं हे खरं, मुरायला लागलं नाही.

आता वरच्या अंगाला माळाकडं जो ओढा येतो तिथली विहीर बघा. माती फूट-दीड फूट, मग दहा-बारा फूट मुरूम, त्याच्याखाली मांजऱ्या खडक आणि त्याच्या बुडाला लाल गेरूचा पट्टा. त्या पट्ट्याच्या बरोबर वर उन्हाळ्यातही ओल दिसते, झरे तिथंच आहेत, कारण गेरू पाणी खाली जाऊ देत नाही. मांजऱ्या दिसला की लगेच खूश व्हायचं नाही हां, त्याची भोकं पांढऱ्या खड्यांनी भरलेली असतील आणि खडक सलग, टणक असेल तर तो पण पाषाणासारखाच. झिजलेला, चिरा असलेला पाहिजे. इथं तसा आहे.

दुसरी गोष्ट पाणीपातळीची, जी कुणी विचारतच नाही. ऑक्टोबरमध्ये, पाऊस संपल्यावर, तुमच्या खालच्या विहिरीत पाणी सात फुटांवर होतं. म्हणजे आधीच भरलेलं भांडं, समजा मुरलं तरी जाणार कुठं? पावसाळ्यानंतर पातळी ३ मीटरच्या, म्हणजे दहा फुटांच्या खाली असेल तिथंच पुनर्भरणाचं काम घ्या असं केंद्रीय भूजल मंडळही सांगतं. माळाकडच्या विहिरीत त्याच आठवड्यात पाणी अठ्ठावीस फुटांवर होतं. तिथं जागा रिकामी आहे.

काही जण म्हणतात तलावात शाफ्ट मारा. शाफ्ट चिकण माती पार करून मुरमापर्यंत जायला असतो, इथं मातीखाली पाषाण आहे, तो पाणी घेणार नाही. आणि वरच्या ओढ्याचं खोलीकरण करायला निघालात तर मुरूम लागला की थांबा, तो खरवडून पोकलेन खडकाला टेकवला तर मुरायची जागाच काढून टाकली, शिवाय तळ विहिरींच्या पातळीखाली गेला तर शेजारच्या विहिरींचंच पाणी ओढ्यात येतं.

आपल्या खडकात पोकळी किती थोडी असते बघा. झिजलेल्या बेसॉल्टला साधारण २ टक्के धरतात. म्हणजे १०,००० घनमीटर पाणी खरोखर मुरलं तर ५० हेक्टरमधल्या विहिरी मीटरभर वर येतात. मुरमाच्या पट्ट्यात बांध घालायचा हट्ट त्यासाठीच आहे. अर्थात माळाचा उतार जास्त असेल तर मुरलेलं पाणी थोडं खाली जाऊन परत ओढ्यातच निघतं, म्हणून अगदी माथ्यावर नको, उतार सपाट व्हायला लागतो तिथं घ्या.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजा. दिवाळीनंतर पाऊस नसताना, कुणी मोटर लावली नसताना, तलाव महिन्यात किती उतरतो ते बघा. थंडीत नुसत्या उन्हावाऱ्यानं महिन्याला १२ ते १५ सेंटिमीटर पाणी उडतं असं धरा. तुमचा तलाव मागच्या वेळी महिन्यात १७ सेंटिमीटर उतरला होता, म्हणजे मुरलं ते जेमतेम दोन ते पाच. वरच्या ओढ्यातला छोटा बंधारा तेवढ्याच दिवसांत तीन फूट उतरला. जनावरांसाठी तुमचा तलाव राहू द्या, चांगलाच आहे, फक्त पुढची वर्गणी त्यात घालू नका.

आणि मोजपट्टी बांधाच्या पिचिंगवर रंगवू नका, दगड तिरके असतात, आकडा फुगून येतो. खोल भागात उभा पाइप रोवा आणि त्यावर खुणा करा.