दोन फोन, एअरप्लेन मोड आणि राहून गेलेले एकोणीस क्रम

"ऑफलाइन सिंकचं टेस्टिंग उगाच अवघड करून ठेवलंय. दोन फोन घ्या, दोन्ही एअरप्लेन मोडवर टाका, एकच रेकॉर्ड दोन्हीकडे बदला, मग एकेकाचं नेट चालू करा. शेवटी केलेला बदल दोन्ही स्क्रीनवर दिसला की पास. टाइमस्टॅम्प असतोच, त्यामुळे लास्ट राइट विन्स लावलं की कॉन्फ्लिक्ट उरतच नाही."

नेटशिवाय केलेले बदल नंतर सर्व्हरशी जुळवणाऱ्या ॲपबद्दल असा सल्ला ऐकू येतो. लास्ट राइट विन्स म्हणजे शेवटचा बदल तोच खरा. या सल्ल्यातला एकेक तुकडा घेऊन पाहू.

"शेवटी केलेला"

एक किराणा दुकान घेऊ. काउंटरवर मालकाचा फोन आणि खाली तळघरातल्या गोदामात एक टॅब्लेट. तळघरात रेंज नसते, म्हणून ॲप ऑफलाइन चालतं. दोन्हीकडे तूरडाळीच्या पाकिटाचं एकच रेकॉर्ड आहे: किंमत १६५, साठा ४०.

प्रत्येक उपकरण तीन गोष्टी करतं. सर्व्हरवरून रेकॉर्ड आणतं, त्यात बदल करतं आणि बदल परत पाठवतं. एका उपकरणाचा आपला क्रम ठरलेला असतो, पण दोघांच्या मिळून सहा कृती एकमेकांत कशाही मिसळू शकतात. असे एकूण २० क्रम होतात. त्यातल्या दोनांत एकाचं सगळं उरकल्यावरच दुसऱ्याचं सुरू होतं, तिथे भांडण नाही. उरलेल्या १८ क्रमांत दोघांनी जुनंच रेकॉर्ड हातात धरून बदल केलेला असतो. तो कॉन्फ्लिक्ट.

या १८ पैकी सहा क्रमांत, ज्याने नंतर बदल केला त्याचाच बदल सर्व्हरवर आधी पोचतो. मालकाने १० वाजून ५ मिनिटांनी किंमत बदलली, गोदामातल्या मुलाने १०:२० ला. मुलगा लगेच वर आला, टॅब्लेटला रेंज मिळाली, १०:२२ ला त्याचा बदल गेला. मालकाचा फोन मात्र १०:४० पर्यंत नेटशिवायच पडून होता. आता शेवटचा कोण? बदल करण्याची वेळ धरली तर मुलगा, पोचण्याची वेळ धरली तर मालक. सिस्टीमप्रमाणे उत्तर बदलतं. गुगलच्या फायरस्टोअर डेटाबेसमध्ये, उदाहरणार्थ, ऑफलाइन केलेले बदल रांगेत थांबतात आणि सर्व्हरवर जो शेवटी पोचेल तो टिकतो.

हाताने टेस्ट करताना आपण काय करतो? पहिला फोन उचलतो, बदल करतो. दुसरा उचलतो, बदल करतो. मग पहिल्याचं नेट चालू करतो, मग दुसऱ्याचं. म्हणजे २० पैकी नेमका असा एक क्रम, ज्यात ‘शेवटी’चे दोन्ही अर्थ एकच उत्तर देतात. टेस्ट पास होते कारण तिला नापास व्हायला जागाच ठेवलेली नसते.

हे २० क्रम फोनवर चालवायची गरज नाही. सिंकचं लॉजिक स्क्रीनपासून वेगळं असेल तर खोटा सर्व्हर आणि आपल्या हातातलं घड्याळ घेऊन सगळे क्रम सेकंदभरात होतात. क्रम तयार करायला एवढंच लागतं:

```python
from itertools import combinations

for spots in combinations(range(6), 3):
    a = iter(["A.pull", "A.edit", "A.push"])
    b = iter(["B.pull", "B.edit", "B.push"])
    order = [next(a) if i in spots else next(b) for i in range(6)]
    run(order)
```

`run` मध्ये प्रत्येक क्रम चालवायचा, शेवटी दोन्ही उपकरणांना सिंक करायला लावायचं आणि तिन्ही ठिकाणचं रेकॉर्ड तपासायचं. सिंकचं लॉजिक ॲक्टिव्हिटीत किंवा विजेटमध्ये, म्हणजे स्क्रीनच्याच कोडमध्ये, गुंतलेलं असेल तर हे जमणार नाही. मग पहिलं काम ते सोडवून बाहेर काढण्याचं. त्याला कंटाळून लोक पुन्हा दोन फोनांकडे वळतात, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

"टाइमस्टॅम्प असतोच"

असतो, पण कुणाच्या घड्याळाचा? टॅब्लेटची बॅटरी पूर्ण उतरली, तळघरात तो नेटशिवायच सुरू झाला आणि कुणीतरी हाताने तारीख लावताना दोन दिवस पुढची लावली. आता उपकरणाच्या वेळेवर निकाल लागत असेल तर टॅब्लेटवर एकदा केलेला बदल पुढचे दोन दिवस दुसऱ्या कुणालाच हलवता येणार नाही. मालक किंमत बदलेल, सेव्ह झालेली दिसेल आणि पुढच्या सिंकला जुनी किंमत परत येईल. तक्रार येते ती अशी: "ॲप आपोआप किंमत बदलतं."

टेस्ट सोपी आहे. एका उपकरणाची आपोआप वेळ घेण्याची सेटिंग बंद करा, तारीख पुढे न्या, बदल करा, सिंक करा. मग दुसऱ्यावर बदल करा आणि तो टिकतो का पाहा. तारीख मागे नेऊनही करा. त्यात उलटा प्रकार होतो, त्या उपकरणाचं काहीच टिकत नाही.

घड्याळावर न विसंबता व्हर्जन नंबर वापरला तर निदान कॉन्फ्लिक्ट झाला हे तरी कळतं. फोन सांगतो, "मी सातव्या व्हर्जनवर बदल केलाय":

```sql
UPDATE items SET price = 172, version = version + 1
WHERE id = 512 AND version = 7;
```

एकही ओळ बदलली नाही, तर मधे कुणीतरी हात घातलाय. एचटीटीपीवर हेच काम `If-Match` हेडर करतं आणि जुळलं नाही तर `412` येतो. मात्र याने फक्त ओळख पटते. पुढे काय करायचं ते आपणच लिहायचं आणि आपणच तपासायचं.

"एकच रेकॉर्ड दोन्हीकडे बदला"

टेस्टर रेकॉर्ड बदलतो तेव्हा दोन्ही फोनांवर सहसा एकच रकाना बदलतो. किंमत इकडे १७२, तिकडे १७०. दोनांपैकी एक दिसली की समाधान. प्रत्यक्षात माणसं आपापल्या कामाचा रकाना बदलतात. मालक किंमत १६५ ची १७२ करतो. गोदामातल्या मुलाला १२ पाकिटं फाटलेली सापडतात, तो साठा ४० चा २८ करतो. दोघांचं म्हणणं एकमेकांच्या आड येतच नाही.

पण ॲप अख्खं रेकॉर्ड पाठवत असेल तर? मालकाचं नंतर पोचलं की किंमत १७२ आणि साठा पुन्हा ४०. फाटलेली १२ पाकिटं जिवंत झाली. मुलाचं जिंकलं तर साठा २८, पण किंमत परत १६५. कुणालाही जिंकवा, एकाचं काम गेलंच. या टेस्टचं अपेक्षित उत्तर सगळ्या २० क्रमांत एकच आहे: १७२ आणि २८. अख्ख्या रेकॉर्डवर लास्ट राइट विन्स लावलेलं असेल तर २० पैकी १८ क्रम नापास होतात, कितीही अचूक घड्याळ असलं तरी.

म्हणून फक्त बदललेला रकाना पाठवायचा. तरीही साठ्याचा रकाना वेगळाच त्रास देतो. मुलाने १२ कमी केली, तेवढ्यात मालकाने वर तीन विकली. एकाकडे २८, दुसऱ्याकडे ३७, खरं उत्तर २५. दोन्हीपैकी कुठलाही आकडा निवडला तरी चूकच. इथे आकडा न पाठवता ‘१२ वजा’, ‘३ वजा’ असा व्यवहार पाठवावा लागतो. खतावणीत शिल्लक खोडून नवी लिहीत नाहीत, नोंदी करत जातात, तसंच.

(एकाने रेकॉर्ड डिलीट केलं आणि दुसऱ्याने बदललं, ही जोडीही यादीत घ्या. डिलीटची खूण सर्व्हर ठरावीक दिवसांनी पुसत असेल तर त्याहून जास्त दिवस बंद राहिलेला टॅब्लेट ते रेकॉर्ड परत उठवून बसवतो.)

"एअरप्लेन मोडवर टाका"

एअरप्लेन मोड हा नेट जाण्याचा सर्वांत सभ्य प्रकार आहे. ॲपला नेट नाही हे स्पष्ट कळतं, ते पाठवायचा प्रयत्नच करत नाही. जिन्यात अर्धी रेंज असते तिथे गोष्ट वेगळी. टॅब्लेटने ‘१२ वजा’ पाठवलं, सर्व्हरने ते लिहिलं, साठा २८ झाला आणि उत्तर परत येताना रेंज गेली. टॅब्लेटला वाटतं, गेलंच नाही. तो पुन्हा पाठवतो. साठा १६. इथे दुसरं उपकरण आलंच नाही, टॅब्लेटने स्वतःशीच टक्कर घेतली. व्हर्जन नंबर लावलेला असेल तर साठा बिघडत नाही, पण "हे रेकॉर्ड दुसऱ्या कुणीतरी बदललंय" असा निरोप येतो. तो दुसरा कुणीतरी म्हणजे आपणच.

एअरप्लेन मोडने हे कितीही वेळा करून पाहिलं तरी ठरवून घडवता येत नाही, कारण तो क्षण पकडता येत नाही. फोन आणि सर्व्हर यांच्या मधे प्रॉक्सी बसवावा लागतो. `mitmproxy` मध्ये एवढी स्क्रिप्ट पुरते:

```python
done = False

def response(flow):
    global done
    if flow.request.method == "POST" and not done:
        done = True
        flow.kill()
```

विनंती सर्व्हरपर्यंत जाते, पहिलं उत्तर मात्र फोनपर्यंत पोचत नाही. अँड्रॉइड ७ पासून ॲप्स वापरकर्त्याने टाकलेलं सर्टिफिकेट आपणहून मानत नाहीत, म्हणून डीबग बिल्डच्या नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमध्ये तशी परवानगी द्यावी लागते. बहुतेकांचा पहिला तास इथेच जातो.

उपाय म्हणजे प्रत्येक व्यवहाराला एक आयडी. तो बदल करतानाच तयार व्हायला हवा आणि रांगेत व्यवहारासोबतच साठवायला हवा. तोच आयडी दुसऱ्यांदा दिसला तर सर्व्हर नुसतं "झालंय" म्हणतो. चूक हमखास होते ती अशी की आयडी पाठवताना तयार केला जातो, मग प्रत्येक प्रयत्नाला तो नवा. ॲप चालू असेपर्यंत हे कधीकधी लपून राहतं, म्हणून उत्तर मारल्यावर लगेच ॲपही मारा:

```
adb shell am force-stop com.example.dukan
```

ॲप पुन्हा उघडा आणि सर्व्हरवर साठा पाहा. २८ हवा. फोर्स-स्टॉपनंतर ॲप उघडेपर्यंत पार्श्वभूमीचं सिंकही चालत नाही, त्यामुळे "सिंकच होत नाही" असा बग लगेच नोंदवू नका.

"दोन्ही स्क्रीनवर दिसला"

ऑफलाइन चालणारं ॲप स्क्रीनवर आधी स्वतःच्या डेटाबेसमधलं दाखवतं. सर्व्हरने बदल नाकारला तरी नवी किंमत तिथे थाटात बसलेली असू शकते. त्यामुळे तीन ठिकाणी पाहावं लागतं: सर्व्हरचा डेटाबेस, दोन्ही उपकरणांतला डेटाबेस आणि ज्यावर ॲप नुकतंच टाकलंय असं तिसरं उपकरण. त्या तिसऱ्याकडे जुनं काहीच नसतं, ते फक्त सर्व्हरचं सांगतं.

आणि हरलेला बदल कुठे गेला, तेही विचारा. काउचडीबी ही डेटाबेस सिस्टीम हरलेलं व्हर्जन फेकत नाही. विजेता वेळेवरून न ठरवता ज्याचा बदलांचा इतिहास लांब तो निवडते आणि दुसरं बाजूला ठेवते. पण ते मागितल्याशिवाय दिसत नाही, रेकॉर्ड वाचताना `?conflicts=true` लावावं लागतं. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये दोन्ही स्क्रीन महिनोन्महिने अगदी जुळत होत्या. एकदा कुणीतरी हे लावून रेकॉर्ड वाचलं, तेव्हा गोदामातल्या फाटलेल्या मालाच्या नोंदी तिथे एकावर एक साचलेल्या निघाल्या.